थांबत्या पंख्याच्या शेवटच्या दहा सेकंदांत तीनच फेरे का?

प्रश्न : सर, मी खानापूरचा, पहिल्या पीयूसीला आहे. गणित असं होतं : छताचा पंखा ३६० आरपीएमने फिरतोय, बंद केल्यावर समान दराने मंदावत ४० सेकंदांत थांबतो, तर किती फेरे होतील? उत्तर १२० दिलंय. आमच्या घरच्या पंख्याच्या बॉक्सवरपण ३६० आरपीएम लिहिलंय आणि तोपण साधारण ४० सेकंदांतच थांबतो. म्हणून एका पात्याला टेप लावून शेवटच्या १० सेकंदांतले फेरे मोजले, तर तीन आणि वर थोडेसेच भरले. ४० सेकंदांत १२० म्हणजे १० सेकंदांत ३० यायला पाहिजेत ना? सूत्र चुकतंय की माझी मोजणी?

उत्तर :

सूत्र बरोबर आहे, आणि मोजणीही बहुतेक बरोबरच आहे. चुकलाय तो मधला ३० चा आकडा. तीस आणि तीन यांच्यात जी दरी दिसतेय ती एक नाही, दोन आहेत. तीसवरून साडेसातवर यायचं ही पहिली, आणि ती तुझ्या विचारातली आहे. साडेसातवरून तीनवर यायचं ही दुसरी, आणि ती पंख्यातली आहे. दोन्ही एकत्र धरल्यास तर काहीच कळणार नाही, म्हणून आधी पहिली घेऊ.

१२० ला ४ ने भागून ३० काढलेस, तेव्हा पंखा चाळीसही सेकंद एकाच वेगाने फिरला असं नकळत धरलंस. पण तो तर थांबत होता. गणितात ‘समान दराने’ म्हटलंय ते वेगाबद्दल नाही, वेग ज्या दराने घटतो त्याबद्दल आहे. ३६० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३६० फेरे, म्हणजेच सेकंदाला ६. हे ६ चाळीस सेकंदांत शून्यावर आले, म्हणजे वेग दर सेकंदाला ०.१५ ने कमी होत गेला. हेच कोनीय त्वरण, आणि वेग घटतोय म्हणून त्याला उणे चिन्ह. वेग सरळ रेषेत ६ वरून ० वर आला तर सरासरी वेग ३, आणि ३ × ४० = १२०. सूत्रात घालून बघायचं असेल तर θ = ω₀t + ½αt² मध्ये २४० − १२० = १२०. ω² = ω₀² + 2αθ मध्ये ० = ३६ − ०.३θ, तिथेही १२०. वर्गात मी मुलांना दोन वाटांनी उत्तर काढायला लावतो, कारण उणे चिन्ह विसरलं की एका वाटेने ३६० येतात आणि दुसरीने −१२०, आणि चूक लगेच हाती लागते.

रेडियनचं इथेच सांगतो. मी वर सगळं फेऱ्यांत केलं, रेडियनला हातही लावला नाही. बरीच मुलं ३६० आरपीएम दिसलं की डोळे मिटून २π ने गुणतात, ω₀ = ३७.७ काढतात, α = −०.९४ काढतात, शेवटी ७५४ रेडियन येतात आणि त्यांना पुन्हा २π ने भागून १२० वर येतात. चूक काही नाही, पण जाऊन परत येण्यात आकडेमोड वाढते. गतीची ही तीन समीकरणं कोन फेऱ्यांत मोजा, अंशांत मोजा की रेडियनमध्ये मोजा, सारखीच चालतात. एकक शेवटपर्यंत एकच ठेवायचं, एवढीच अट. रेडियनची सक्ती कधी होते, तर कोनीय राशीचा सरळ रेषेतल्या राशीशी किंवा बलाशी संबंध जोडायचा असतो तेव्हा. पात्याच्या टोकाचा वेग v = rω ने काढायचा असेल, किंवा बलआघूर्ण Iα ने काढायचं असेल, तर रेडियनच हवा. मार्क जातात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी : वेग आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटात, आणि वेळ सेकंदात. पहिल्या ओळीलाच ६० ने भागून टाकायची सवय लाव.

आता शेवटच्या दहा सेकंदांकडे येऊ. माझा नेहमीचा उपाय म्हणजे थांबणाऱ्या वस्तूचं गणित उलटीकडून करायचं. पंखा थांबतानाचा व्हिडिओ उलटा चालवलास तर काय दिसेल? स्थिर पंखा सुरू होतोय आणि त्याचा वेग दर सेकंदाला ०.१५ ने वाढतोय. आता सुरुवातीचा वेग शून्य, म्हणून θ = ½αt² एवढंच उरतं, ω₀t हे पद गळून जातं. t = १० घाल : ½ × ०.१५ × १०० = ७.५. म्हणजे समान दराने मंदावणारा पंखासुद्धा शेवटच्या दहा सेकंदांत साडेसातच फेरे घेणार. ३० चा प्रश्न इथे मिटला.

शेवटच्या २० सेकंदांत ३०, शेवटच्या ३० सेकंदांत ६७.५ आणि पूर्ण ४० सेकंदांत १२०. वेळ दुप्पट तर फेरे चौपट, तिप्पट तर नऊपट. दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडलेस तर शेवटाकडून सुरुवातीकडे ७.५, २२.५, ३७.५, ५२.५ असे येतात, म्हणजे १ : ३ : ५ : ७. उतरत्या फळीवरून गोळा सोडला की समान वेळांत कापलेली अंतरं याच विषम संख्यांत वाढतात, हे गॅलिलिओने दाखवलं होतं. आपण तेच उलट्या दिशेने वापरतोय. हे गुणोत्तर लक्षात ठेव, घरच्या पंख्याची परीक्षा आपण यावरच घेणार आहोत.

उलट्या वाटेचा आणखी एक फायदा बघ. समज प्रश्न असा आला की पहिले १०० फेरे किती वेळात झाले. सरळ गेलास तर ०.०७५t² − ६t + १०० = ० हे वर्गसमीकरण येतं आणि t ची दोन उत्तरं मिळतात, २३.७ आणि ५६.३ सेकंद. कुठलं घ्यायचं? पंखा ४० सेकंदांतच थांबलाय, म्हणजे ५६.३ ला तो फिरत नव्हता, ते सोडून द्यायचं. उलट गेलास तर शेवटचे २० फेरे राहिले : २० = ½ × ०.१५ × t², t = १६.३, आणि ४० − १६.३ = २३.७. वर्गसमीकरण नाही, दोन उत्तरांची भानगड नाही.

ते ५६.३ आलं कुठून, हेही समजून घे. समीकरणाला पंखा थांबल्याचं माहीत नसतं. α = −०.१५ म्हटलं की ते तसंच धरून पुढे चालतं, म्हणजे ४० सेकंदांनंतर पंखा उलटा फिरायला लागतो आणि झालेले फेरे वजा होतात. ६० सेकंदांनंतर एकूण फेरे किती, असं विचारून t = ६० घातलंस तर ३६० − २७० = ९० येतील. चाळीस सेकंदांना १२० आणि साठ सेकंदांना ९०! घर्षण फिरणारी वस्तू थांबवतं, थांबलेलीला उलटं फिरवत नाही. म्हणून आधी थांबायचा वेळ ω₀/|α| ने काढायचा आणि दिलेला t त्याच्या आत आहे का ते बघायचं. बाहेर असेल तर उत्तर १२० वरच थांबतं. प्रवेश परीक्षांचे प्रश्न काढणाऱ्यांना हा सापळा फार आवडतो.

आता दुसरी दरी. समान दराने मंदावला असता तर साडेसात फेरे यायला हवे होते. तुला तीन आणि थोडे, म्हणजे सव्वातीन धरू, एवढेच मिळाले. म्हणजे तुझा पंखा समान दराने मंदावत नाही, आणि कुठलाच साधा छताचा पंखा तसा मंदावत नाही.

बटण बंद केल्यावर पंख्याला अडवतं कोण? दोघं. एक बेअरिंगचं घर्षण. ते वेग कमी असो की जास्त, साधारण तेवढंच राहतं. नुसतं तेच असतं तर गणितातलं ‘समान दराने’ जवळपास खरं ठरलं असतं. दुसरी हवा. पाती तिरकी बसवलेली असतात तीच मुळी हवा ढकलायला, आणि बटण बंद केलं म्हणून ती ढकलायची थांबत नाहीत. वेग दुप्पट असेल तर सेकंदाला दुप्पट हवा पात्यांसमोर येते आणि तिला दुप्पट वेगाने ढकललं जातं, म्हणून हवेचा रोध चौपट होतो. वेग निम्मा झाला की तो चौथा हिस्साच उरतो. म्हणजे बटण बंद केल्याक्षणी पंखा जोरात मंदावतो, आणि वेग उतरत गेला की हवेची पकड सुटत जाते व शेवटी बेअरिंग एकटंच ओढत राहतं. शेवटचे फेरे रेंगाळतात ते यामुळे.

थोडे आकडे घालून बघू. सेकंदाला २ फेरे या वेगाला हवेचा रोध आणि बेअरिंगचं घर्षण सारखं आहे असं समज. हे माझं गृहीतक आहे. तुझ्या पंख्याला तो वेग थोडा वेगळा असेल; पात्यांची रुंदी, त्यांचा तिरकेपणा, बेअरिंगमधलं ग्रीस यांवर ते ठरतं, आणि बेळगावच्या डिसेंबरातल्या थंडीत ग्रीस घट्ट झालं की तोच पंखा वेगळं वागतो. बेअरिंगमुळे येणारं मंदन १ भाग धरलं तर ६ फेऱ्यांच्या वेगाला हवा ९ भाग ओढते, एकूण १०. वेग ३ वर आला की हवा सव्वादोन भाग, एकूण सव्वातीन. वेग १ वर आला की हवा पाव भाग, एकूण सव्वा. म्हणजे सुरुवातीचं मंदन शेवटच्या मंदनाच्या दहापट आहे. हा पंखा बरोबर ४० सेकंदांत थांबायचा तर शेवटचं मंदन ०.०६२५ येतं आणि सुरुवातीचं ०.६२५. गणितातलं ०.१५ या दोन टोकांच्या मधलं, चाळीस सेकंदांची सरासरी म्हणून बरोबर, पण त्या चाळीसपैकी फार थोडा वेळच खरं असलेलं.

आता दहा-दहा सेकंदांचे तुकडे शेवटाकडून बघ. ३.२, १०.२, २०.१ आणि ४०.२. तुझे ‘तीन आणि वर थोडेसेच’ ते हे. एकूण बेरीज साधारण ७४, म्हणजे १२० पेक्षा बरीच कमी. वेग ६ वरून ३ वर यायला पहिले साडेआठ सेकंदच लागतात, उरलेल्या अर्ध्या वेगाला जवळजवळ साडेएकतीस. गणितातल्या पंख्याला दोन्हींना वीस-वीस लागले होते.

हे आकडे काढायला कॅल्क्युलस लागतं. dω/dt = −(a + bω²) हे सोडवलं की उलट्या वेळेत मोजलेला वेग tan च्या रूपात येतो, पुढच्या वर्षी इंटिग्रेशन झालं की स्वतः करून बघ. पण एकूण फेरे १२० पेक्षा कमीच येणार हे कळायला त्याची गरज नाही. वेग-वेळ आलेख काढ. उभ्या अक्षावर ६, आडव्यावर ४०, ही दोन टोकं दोन्ही पंख्यांना सारखीच. समान दराचा पंखा ही दोन टोकं सरळ रेषेने जोडतो, आणि रेषेखालच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ १२०. खरा पंखा आधी झपकन खाली येतो आणि मग हळूहळू सरकतो, म्हणून त्याची रेघ सरळ रेषेच्या खाली झोळीसारखी लोंबते. झोळीखालचं क्षेत्रफळ त्रिकोणापेक्षा कमीच भरणार. समीकरणात α अचल असलाच पाहिजे असं का म्हणतात ते इथे दिसतं : θ = ω₀t + ½αt² म्हणजे त्या सरळ रेषेखालचं क्षेत्रफळ. रेघ वाकली की सूत्राचा आधार गेला.

परीक्षेत काय करायचं, हा प्रश्न तुझ्या मनात असणारच. ‘समान दराने’ असं लिहिलं असेल तर १२० हेच बरोबर उत्तर, हवेचा विचार करायचा नाही. तसं लिहिलेलं नसेल, आणि फक्त सुरुवातीचा वेग व वेळ देऊन फेरे विचारले असतील, तर पहिल्या ओळीत ‘कोनीय मंदन अचल मानू’ असं लिही आणि पुढे जा. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपात बेंच ग्राइंडर बंद केल्यावर त्याचं चाक थांबताना बघितलंस तर हे गृहीतक तिथे बरंच जवळ जातं, कारण गुळगुळीत गोल चाकाला ढकलायला पाती नसतात. गणितं करणाऱ्यांनी पंख्याऐवजी ते निवडलं असतं तर बरं झालं असतं, पण पंखा प्रत्येकाच्या डोक्यावर असतो.

आता तुझी मोजणी पुढे कशी न्यायची ते सांगतो. शेवटचे १० सेकंद तू मोजलेस, आता शेवटचे २० मोज. मंदन अचल असेल तर फेरे चौपट यायला पाहिजेत, म्हणजे सव्वातीनचे तेरा. माझ्या हिशोबातही १३.४ येतात, म्हणजे शेवटच्या वीस सेकंदांपुरता तुझा पंखा जवळजवळ पुस्तकातल्यासारखाच वागतो. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दीड फेऱ्याच्या खाली आलेला असतो आणि हवेचं फारसं चालत नाही. एवढ्या भागात α = 2θ/t² हे सूत्र बिनधास्त वापर : २ × ३.२ ÷ १०० = ०.०६४. बेअरिंगचं मंदन तुला स्टॉपवॉचने आणि टेपच्या तुकड्याने मिळालं. शेवटचे ३० सेकंद घेतलेस तर नऊपट, म्हणजे २९ च्या आसपास यायला हवेत, पण ३३ च्या वर जातील. तिथून पुढे सूत्र सुटायला लागतं.

२० सेकंदांपलीकडचे फेरे डोळ्यांनी मोजता येणार नाहीत. त्याला मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ लागेल. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर ६ च्या वेगाला एका फेऱ्यात ४० फ्रेम येतात, टेप स्पष्ट दिसते. मात्र व्हिडिओ चालवताना दिसणारा वेळ खरा नसतो. तो सेकंदाला ३० फ्रेमनी दाखवला जात असेल तर आठपट ताणलेला असतो, त्याला ८ ने भागायचं. आणि बटण बंद करायच्या आधी काही फेरे मोजून घे, कारण बॉक्सवरचे ३६० पूर्ण व्होल्टेजला असतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असेल तर तुझा ω₀ सहा नसून पाचच असू शकतो, आणि मग वरचे सगळे आकडे बदलतील.

आणखी दोन-तीन गोष्टी सांभाळ. टेप एकाच पात्याला हवी. तिन्ही पाती मोजली गेली की फेरे तिप्पट होतात आणि तीनचे नऊ बघून उगाच आनंद होतो. खिडक्या लावून घे. तुमच्याकडे पावसाळ्यात खिडकीतून येणारा वारा बंद पंखासुद्धा हलवतो, मग ‘थांबला’ हा क्षणच ठरवता येत नाही आणि आपलं सगळं उलटं गणित त्याच क्षणावर उभं आहे. थांबल्याचा क्षण एक सेकंद चुकला तर शेवटच्या १० सेकंदांतल्या फेऱ्यांत साधारण वीस टक्क्यांचा फरक पडतो, कारण तिथे वेळेचा वर्ग येतो. म्हणून एका मोजणीवर विसंबू नकोस, चार-पाच वेळा करून सरासरी घे.

रेग्युलेटर पाचवरून एकवर आणून ‘मंदावणं’ मोजायला जाऊ नकोस. तिथे मोटर चालूच असते, पंखा शून्याकडे नाही तर नव्या कमी वेगाकडे जातो आणि जवळ पोचताना मंदन जवळजवळ नाहीसं होतं. त्याला ही समीकरणं लागूच नाहीत. पूर्ण बंदच करायचा, मग तू बटण बंद केलंस काय आणि करंट गेला काय, पंख्याला सारखंच.

आणि घरचा पंखा नव्या बीएलडीसी प्रकारचा, रिमोटवाला असेल तर मोजायच्या आधी मला कळव. त्याच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, ते बंद असतानाही मोटरच्या लोखंडाला ओढतात. म्हणजे हवा आणि बेअरिंग यांच्या जोडीला तिसरा अडवणारा येतो, आणि शेवटच्या १० सेकंदांवरून काढलेलं मंदन मग नुसत्या बेअरिंगचं राहत नाही.